इंग्वायनल कॅनालच्या भिंती पाठ आहेत, तरी डायरेक्ट-इनडायरेक्टचा प्रश्न चुकतोच. कुठे अडतंय?

सायली_पहिलंवर्ष

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कॅनालच्या चारही भिंती मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. छताला दोन स्नायू, पुढे दोन अपोन्युरोसिस, तळाला दोन लिगामेंट, मागे फेशिया आणि कन्जॉइन्ट टेंडन. तरीही परवाच्या चाचणीत हा प्रश्न चुकला:

५८ वर्षांचे हमाली करणारे गृहस्थ, बरीच वर्षं खोकला. उजव्या जांघेत फुगवटा, प्युबिक ट्यूबरकलच्या वर. आडवे झाले की लगेच आत जातो. फुगवटा आत ढकलून डीप रिंगवर अंगठा दाबला आणि खोकायला सांगितलं, तरी फुगवटा पुन्हा आला. तर सॅकची मान इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक आर्टरीच्या कोणत्या बाजूला?

मी 'लॅटरल' लिहिलं. माझा विचार असा, की अंगठा दाबूनही ते थांबलं नाही, म्हणजे जोर डीप रिंगमधूनच येतोय, म्हणजे इनडायरेक्ट. उत्तर 'मीडियल' निघालं. शिवाय वहीत मी लिहून ठेवलं होतं, "डायरेक्ट हर्निया आतल्या बाजूने येतो", आणि डीप रिंग तर आतलीच रिंग ना? कृपया भिंतींची यादी पुन्हा देऊ नका, ती येते. विचार कुठे घसरतो ते सांगा.

केदार_इंटर्न

सोपं आहे गं. वय बघायचं. लहान मुलगा किंवा तरुण असेल तर इनडायरेक्ट, पन्नाशीपुढचा आणि खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर लावावा लागणं असं काही दिलं असेल तर डायरेक्ट. अंगठ्याचं वाचायचीही गरज नाही. मी असेच सोडवले सगळे.

निवृत्त_सर्जन

केदार, तुझं अर्धं बरोबर आहे. लहान मुलांत जवळजवळ सगळे इनडायरेक्ट असतात आणि डायरेक्ट हा उतारवयातला, हे खरं. पण त्याचं उलट खरं नाही. साठीच्या माणसातही इनडायरेक्ट भरपूर दिसतो. सगळ्या वयांचे मिळून मोजले तर जांघेतला सर्वांत नेहमीचा हर्निया इनडायरेक्टच. तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षं हे ऑपरेशन केलं. धोतर सोडून टेबलावर आलेले आजोबा आणि अंडकोशापर्यंत उतरलेली पिशवी, हे दृश्य नेहमीचं, आणि ती पिशवी इनडायरेक्टच असायची. प्रश्न काढणाऱ्याने ७० वर्षांचा रुग्ण आणि अंडकोशात उतरलेला फुगवटा दिला, तर वयावर जाणारा फसेल.

सायली, तुझी चूक मला शरीररचनेची वाटत नाही. डीप रिंग म्हणजे दार. अंगठ्याने तू दार बंद केलंस. तरी पाहुणा घरात आला, तर तो दारातून आला की भिंत फोडून?

सायली_पहिलंवर्ष

भिंत फोडून. अरे देवा. म्हणजे कॅनालच्या मागच्या भिंतीतून.

निवृत्त_सर्जन

बरोबर. आणि ज्या भिंतीतून आला ती दाराच्या मध्यरेषेकडच्या बाजूला आहे. दार आणि ती भिंत यांच्या मधून जो खांब उभा जातो, ती तुझी आर्टरी. एक्स्टर्नल इलिअॅकपासून लिगामेंटच्या जरा वर निघते आणि डीप रिंगच्या मध्यरेषेकडच्या काठाला लागून वर रेक्टसकडे जाते. दारातून आलेला खांबाच्या एका बाजूला, भिंतीतून आलेला दुसऱ्या. म्हणून आम्ही ऑपरेशनमध्ये आधी तिचा ठोका बोटाने शोधतो.

शारीर_शिकवते

मी बारा वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये उभी आहे. मराठीत विचार करणाऱ्या मुलांची ही गडबड मी दर वर्षी बघते. सायलीच्या वहीतलं एक वाक्य पुन्हा वाचा: "डायरेक्ट हर्निया आतल्या बाजूने येतो." आपल्याकडे 'आत' हा एकच शब्द दोन दिशांना वापरतात. मध्यरेषेजवळचं तेही आत, त्वचेपासून खोल तेही आत. 'बाहेर'चंही तसंच, कडेचं तेही बाहेर आणि वरवरचं तेही बाहेर. मग डीप रिंग 'आतली' म्हणायची आणि डायरेक्ट हर्निया 'आतला' म्हणायचा, की दोघांची जोडी डोक्यात आपोआप लागते. खरं तर डीप रिंग कडेला आहे आणि डायरेक्ट हर्निया तिच्याशी संबंधच ठेवत नाही.

मी मुलांना वहीत 'आत-बाहेर' लिहूच देत नाही. मध्यरेषेकडे, कडेकडे, खोल, वरवर. हे चारच शब्द. सायली, वही काढ आणि सगळी 'आत-बाहेर' खोडून यांतला शब्द लिही, निम्मी अडचण तिथेच संपेल.

गिरणगावचा_मधू

मी डॉक्टर नाही, पण माझं या विषयावर ऑपरेशन झालंय म्हणून लिहितो. वय ६४. उजवीकडे जाळी बसवली. डिस्चार्जच्या कागदावर 'डायरेक्ट' लिहिलंय. मला वाटलं होतं डायरेक्ट म्हणजे जास्त गंभीर, कारण थेट आला. पण ऑपरेशनआधी एका डॉक्टरांनी बोट लावून 'इनडायरेक्ट' सांगितलं होतं आणि टेबलावर निघाला डायरेक्ट. म्हणजे पहिल्यांदा चुकीचं निदान झालं का? पुन्हा होण्याची भीती आहे का?

निवृत्त_सर्जन

मधूभाऊ, डायरेक्ट म्हणजे गंभीर असं नाही. उलट त्याची मान रुंद असते, म्हणून आतडं अडकून बसण्याची शक्यता इनडायरेक्टपेक्षा कमी. आणि बोटाच्या तपासणीत दोघांची अदलाबदल होते हे सर्जनना माहीत असतं. मी स्वतः तपासताना सांगितलेलं टेबलावर कितीतरी वेळा बदललंय. मोठ्या माणसात जाळी दोन्हींना लागते, म्हणून त्या चुकीने तुमच्या उपचारात फरक पडला नसणार. पुन्हा होण्याबद्दल तुमच्या सर्जननाच विचारा, न तपासता मी काही म्हणू नये.

परीक्षेतला अंगठा मात्र नेहमी खरं बोलतो, हे मुलांनी लक्षात ठेवावं. खऱ्या रुग्णात तो तीन कारणांनी फसतो. अंगठा चुकीच्या जागी पडतो. जुन्या इनडायरेक्टमध्ये डीप रिंग ताणून इतकी मोठी झालेली असते की अंगठ्याखाली मावत नाही. आणि कधी दोन्ही एकदम असतात, आर्टरीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी, पायजम्याच्या दोन पायांसारखी.

केदार_इंटर्न

म्हणूनच त्याला पँटलून हर्निया म्हणतात! आर्टरी म्हणजे मधली शिवण. हे आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. वयाचं मागे घेतो.

शारीर_शिकवते

'अंगठा चुकीच्या जागी' यावर थोडं थांबायला हवं, कारण सरांचं आणि माझं इथे पटणार नाही. डीप रिंग कुठे दाबायची, सर? आमच्याकडे जुन्या नोट्समधून मुलं 'मिड-इंग्वायनल पॉइंटच्या सव्वा सेंटीमीटर वर' असं पाठ करून येतात.

निवृत्त_सर्जन

मी लिगामेंटच्या मध्यबिंदूच्या वर दाबतो. हाडाचं पुढचं टोक ते प्युबिक ट्यूबरकल, त्याचा मध्य. मिड-इंग्वायनल म्हणजे तेच टोक ते सिंफिसिस, आणि तिथे फिमोरल आर्टरीचा ठोका लागतो.

शारीर_शिकवते

मान्य, मीही तेच शिकवते. पण फरक किती? ट्यूबरकल मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर. एक टोक अडीचने सरकलं, तर मध्य त्याच्या निम्म्याने सरकतो, म्हणजे सव्वा. योगायोगाने 'लिगामेंटच्या वर किती' हा आकडाही सव्वा, म्हणून मुलं दोन्ही सव्वा एकत्र करतात. एक आडवा, एक उभा. मिड-इंग्वायनलवर अंगठा ठेवला तर तो सव्वा सेंटीमीटर मध्यरेषेकडे पडेल आणि इनडायरेक्ट त्याच्या कडेने निसटून बाहेर येईल. परीक्षार्थी आनंदाने 'डायरेक्ट' सांगेल.

माझं म्हणणं पुढचं आहे. डिसेक्शन करताना रिंग दर वेळी अगदी मध्यबिंदूवर सापडत नाही. काही मृतदेहांत ती मध्यरेषेकडे सरकलेली दिसते, दोन्ही बिंदूंच्या दरम्यान कुठेतरी. म्हणून 'पुस्तक चूक, मी बरोबर' असं मी ठामपणे म्हणत नाही.

निवृत्त_सर्जन

जिवंत माणसात पोटाचा ताण वेगळा असतो, मॅडम, आणि आमचा अंगठा मध्यबिंदूवरच काम करत आला. यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, पण परीक्षेत मुलांनी मध्यबिंदू लिहावा.

रुतुजा_फिजिओ

माझी शंका मूळ यादीबद्दलच आहे, सायली रागावू नकोस. पुढच्या भिंतीत इंटर्नल ऑब्लिक फक्त कडेच्या एक तृतीयांशात असतो असं सगळे घोकतात. मग तोच स्नायू छतात कसा? आणि मागे कन्जॉइन्ट टेंडनमध्येही तोच? एकच स्नायू तीन भिंतींत म्हणजे मला छापण्याची चूक वाटायची. आणि ट्रान्सव्हर्सस पुढच्या भिंतीत का नाही, हे तर कुणी सांगितलंच नाही.

शारीर_शिकवते

रुतुजा, बरं झालं विचारलंस, घोकणं थांबवणारा प्रश्न आहे हा.

आजोबांचं खांद्यावरचं उपरणं आठव. एक टोक छातीवर पुढे, मधला भाग खांद्यावर, दुसरं टोक पाठीवर. उपरणं एकच, पण पुढून पाहणाऱ्याला ते पुढे, वरून पाहणाऱ्याला वर, मागच्याला मागे. इंटर्नल ऑब्लिक कॉर्डवरून असाच जातो. कडेला लिगामेंटपासून निघतो तेव्हा कॉर्डच्या पुढे असतो, मग कमानीसारखा वरून जातो आणि मध्यरेषेकडे उतरताना कॉर्डच्या मागे जाऊन प्युबिसच्या हाडाला चिकटतो. एका स्नायूचे हे तीन टप्पे आहेत, ते तीन भिंतींत पडणारच.

आता ट्रान्सव्हर्ससचं. इंटर्नल ऑब्लिक लिगामेंटच्या कडेकडच्या दोन तृतीयांशातून निघतो, ट्रान्सव्हर्सस कडेकडच्या एक तृतीयांशातूनच. डीप रिंग आहे मध्यावर. म्हणजे इंटर्नल ऑब्लिकची सुरुवात रिंग ओलांडून पुढे येते, तो रिंगला पुढून झाकतो. ट्रान्सव्हर्सस रिंगपर्यंत पोचायच्या आधीच संपतो, त्यामुळे तो पुढे असूच शकत नाही, फक्त कमान करून वरून आणि मागे येतो. 'एक तृतीयांश' आकडाही यातूनच निघतो: लिगामेंटचा मध्य ते दोन तृतीयांश हे अंतर एक षष्ठांश, आणि कॅनालखाली उरलेला अर्धा भाग. एक षष्ठांश हा अर्ध्याचा एक तृतीयांश.

तांबोळी_नर्सिंग

मॅडम, हिशोब गोड आहे पण मला जुळत नाही. कॅनाल ४ सेंटीमीटरचा म्हणतात. लिगामेंट १२ धरलं तर अर्धा भाग ६ होतो. दोन सेंटीमीटर कुठे गेले?

शारीर_शिकवते

४ हे रिंग ते रिंग मोजलेलं. सुपरफिशियल रिंग स्वतः तिरपी, लांबट फट आहे, तीही काही जागा घेते. तरी सगळे सेंटीमीटर जुळत नाहीत हे मान्य. तो अपूर्णांक आठवणीसाठी आहे, त्याच्यावर पट्टी लावू नये.

शिवणकामवाली_मीना

मी डॉक्टर नाही, माझ्या मुलाचं दोन वर्षांचा असताना हे ऑपरेशन झालं म्हणून धागा वाचतेय. उपरण्याचं आवडलं, पण मला कॅनाल म्हणजे सलवारीचा नेफा वाटला. नाडी मागच्या कापडातल्या भोकातून आत घालायची आणि चार बोटं पुढे वरच्या कापडातून काढायची. भोकं समोरासमोर नसतात म्हणून नेफा दाबला की दोन्ही कापडं एकमेकांवर बसतात आणि भोक मिटतं. असंच का?

आणि माझा प्रश्न. बाळाला जाळी बसवली नाही, फक्त पिशवी काढली. मधूभाऊंना बसवली. आमच्या बाळाचं अर्धवट तर नाही ना केलं?

निवृत्त_सर्जन

मीनाताई, नेफ्याची उपमा माझ्या वर्गात असती तर मी कित्येक तास वाचवले असते. अगदी तसंच आहे. खोकलं की पोटातला दाब मागच्या भिंतीला पुढच्या भिंतीवर दाबतो, शिवाय ती स्नायूंची कमान खाली येते. आणखी एक पाहा: मागच्या भोकाच्या पुढे इंटर्नल ऑब्लिकचं मांस आहे आणि पुढच्या भोकाच्या मागे कन्जॉइन्ट टेंडन. प्रत्येक भोकापाशी समोरच्या कापडाला अस्तर लावलंय.

बाळाचं अर्धवट नाही केलेलं. तान्ह्या बाळात नेफा खूप आखूड असतो, दोन्ही भोकं जवळजवळ एकमेकांसमोर. वृषण खाली उतरताना पोटाच्या अस्तराची एक नळी बरोबर येते, ती मिटायची राहिली की हर्निया. कापड मजबूत आहे, फक्त ती नळी उघडी आहे. म्हणून नळी बांधून काढली की काम झालं. मधूभाऊंच्या मागच्या कापडाचंच पोत विरलं होतं, तिथे ठिगळ लागतं.

शिवणकामवाली_मीना

समजलं सर. मन हलकं झालं.

रुतुजा_फिजिओ

मग हेसलबॅकचा त्रिकोण म्हणजे नेफ्याच्या मागच्या कापडातली विरलेली जागा! मध्यरेषेकडे रेक्टसची कड, कडेकडे आर्टरी, खाली लिगामेंट. आता पाठ करावं लागणार नाही.

शारीर_शिकवते

हो. व्हायवात कुणी खोलात गेलंच तर: हेसलबॅकने स्वतः पाया म्हणून पेक्टिनियल लिगामेंट घेतलं होतं, इंग्वायनल लिगामेंट नंतर रूढ झालं. पण विचारलं नाही तर सांगायला जाऊ नकोस.

केदार_इंटर्न

माझा नेहमी चुकणारा दुसरा प्रश्न: दुर्बिणीतून पोटाच्या आतून दिसणारं चित्र. 'मीडियल अम्बिलिकल फोल्डच्या लॅटरल बाजूला खड्डा, त्यातून हर्निया' असं देतात. मी 'लॅटरल' वाचून इनडायरेक्ट लिहितो.

निवृत्त_सर्जन

फोल्डची नावं बघ. मीडियल फोल्डमध्ये बाळपणीची मिटलेली अम्बिलिकल आर्टरी असते. आपला खांब, म्हणजे इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक, त्याच्याही कडेकडच्या लॅटरल अम्बिलिकल फोल्डमध्ये. या दोघांच्या मधला खड्डा खांबाच्या मध्यरेषेकडचाच, म्हणून डायरेक्ट. 'लॅटरल' शब्द दिसला की कशाच्या लॅटरल, ते आधी विचार.

सायली_पहिलंवर्ष

रात्री बसून वहीतली सगळी 'आत-बाहेर' खोडली. एकोणीस निघाली. आता तो प्रश्न पुन्हा सोडवते, चुकलं तर सांगा.

फुगवटा ट्यूबरकलच्या वर आहे, म्हणून फिमोरल नाही, तो ट्यूबरकलच्या खाली आणि कडेकडे येतो. उरले दोन. दोघंही शेवटी सुपरफिशियल रिंगकडेच येऊ शकतात, म्हणून बाहेर दिसणाऱ्या जागेवरून ठरणार नाही, शिरण्याची जागा बघायची. दार अंगठ्याने बंद, तरी आला, म्हणजे मागच्या भिंतीतून. ती भिंत खांबाच्या मध्यरेषेकडे. म्हणून मान आर्टरीच्या मीडियल बाजूला. वय आणि खोकला याला फक्त दुजोरा देतात.

निवृत्त_सर्जन

पूर्ण गुण. आडवं होताच लगेच आत जाणं हेही रुंद मानेचं लक्षण, ते वापरायचं राहिलं. आता माझा एक प्रश्न. इनडायरेक्ट हर्निया डीप रिंगमध्ये अडकलाय, आतडं काळवंडतंय, रिंग कापून सैल करायची आहे. सुरी कोणत्या दिशेला?

सायली_पहिलंवर्ष

कडेकडे. मध्यरेषेकडे फिरवली तर आर्टरी कापली जाईल.

तांबोळी_नर्सिंग

आणि पायजम्यावाला असेल तर?

निवृत्त_सर्जन

तरी कडेकडेच, अडकलेली पिशवी कडेची असेल तर. मध्यरेषेकडची रुंद मानेची, ती सहसा अडकत नाही. पण दोन पिशव्या आहेत हे आधी ओळखायला हवं. एक पाहून दुसरी तशीच राहिली, तर ऑपरेशननंतर काही महिन्यांनी रुग्ण 'पुन्हा आलं' म्हणत येतो, आणि ते पुन्हा आलेलं नसतं, राहिलेलं असतं. म्हणून मी आर्टरीच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवल्याशिवाय कधी टाके घातले नाहीत.